भाचीला दर महिन्याला जाणारे पैसे थांबवताना

परदेशात असलेल्या घरच्या माणसाला दर महिन्याच्या ठरल्या तारखेला आपोआप पैसे जातील अशी सोय पैसे पाठवायच्या अ‍ॅपमध्ये करून ठेवायला पाच मिनिटं पुरतात. ती सोय बंद करायची वेळ आली की मात्र तीन वेगवेगळ्या ठिकाणी हात घालावा लागतो: अ‍ॅपमधलं शेड्यूल, त्या शेड्यूलमधून आधीच निघालेला व्यवहार आणि आपल्या बँकेत अ‍ॅपला दिलेली पैसे ओढायची परवानगी. यातलं आधी काय बंद करायचं आणि नंतर काय, हे मला एका जागी लिहिलेलं कुठेच सापडलं नाही. म्हणून सगळं नीट मिटल्यावर हे लिहितेय.

माझी भाची शिकायला परदेशात होती. तिच्या राहण्याच्या खर्चातला एक वाटा मी उचलत होते आणि तो दर महिन्याच्या 3 तारखेला तिच्या तिथल्या विद्यार्थी खात्यात जमा व्हायचा. शिक्षण संपलं, तिला तिसऱ्याच देशात नोकरी लागली. महिन्याच्या 29 तारखेला, बुधवारी संध्याकाळी तिचा फोन आला. "मावशी, आता पैसे पाठवू नकोस गं. मी 31 तारखेला इथलं खातं बंद करतेय." आनंदाचीच बातमी होती. तरी फोन ठेवल्यावर जरा पोकळ वाटलं. पैसे जमा झाले की दर महिन्याला तिचा "आले गं मावशी" असा एक मेसेज यायचा आणि त्यावरून आमच्या गप्पा सुरू व्हायच्या. तो धागा आता दुसऱ्या कशाला तरी बांधावा लागणार होता.

पण त्या संध्याकाळी डोक्यात मुख्य विचार तारखांचा होता. खातं शुक्रवारी 31 ला बंद होणार आणि माझे पैसे सोमवारी 3 ला तिथे पोचणार.

बंद खात्यात पैसे गेले तर ते सहसा बुडत नाहीत, परत येतात. पण जसे गेले तसे परत येत नाहीत. अ‍ॅप आधी आपल्या चलनाचं त्या चलनात रूपांतर करतं, मग तिथल्या बँकेकडे पाठवतं. ती बँक खातं बंद असल्याचं पाहून रक्कम परत करते आणि तेव्हा त्या दिवशीच्या दराने उलटं रूपांतर होतं. आपण 100 पाठवले आणि अ‍ॅप प्रत्येक रूपांतरात बाजारातल्या दरापेक्षा 1 टक्का कमी दर देतं असं धरू. जाताना 100 चे 99 झाले, येताना 98 झाले. मधल्या किंवा पलीकडच्या बँकेने परतीचं शुल्क कापलं तर ते वेगळं, आणि दरम्यान दर आपल्या विरुद्ध गेला तर तो फरकही आपलाच. वर वाट पाहणं असतंच. परतीचा प्रवास जायच्या प्रवासापेक्षा बराच हळू होतो, कारण तो अ‍ॅपच्या ठरलेल्या वाटेने होत नाही. रक्कम आधी अ‍ॅपच्या पलीकडच्या भागीदार बँकेत येते, मग तो पैसा कोणाचा हे कोणीतरी जुळवतं आणि नंतर तो आपल्याकडे निघतो.

तेव्हा पैसे रूपांतराच्या आधी थांबले पाहिजेत, हे माझ्यासाठी पक्कं होतं.

अ‍ॅप उघडायच्या आधी एक गोष्ट तपासून घ्यावी. आपले पैसे नक्की कोण हलवतं? वरून सगळं सारखंच दिसतं, पण आत तीन प्रकार असतात. एका प्रकारात अ‍ॅप आपल्या बँक खात्यातून किंवा कार्डावरून पैसे ओढून घेतं. दुसऱ्यात आपण आपल्या बँकेलाच सांगून ठेवलेलं असतं की दर महिन्याला अमुक रक्कम अ‍ॅपच्या खात्यात भर, आणि पैसे येऊन पडले की अ‍ॅप ते पुढे पाठवतं. तिसऱ्यात अ‍ॅपमध्येच आपली शिल्लक असते आणि त्यातून रक्कम वळती होते. दुसऱ्या प्रकारात अ‍ॅपमध्ये कितीही बटणं दाबली तरी बँक दर महिन्याला पैसे भरतच राहणार, त्यामुळे तिथे आधी बँकेतली सूचना रद्द करावी लागते. कुठला प्रकार आहे हे बँकेच्या स्टेटमेंटवर कळतं: नोंद आपण दिलेल्या स्थायी सूचनेच्या नावाने आहे की समोरच्या कंपनीने केलेल्या डेबिटच्या नावाने, ते बघायचं. माझी नोंद डेबिटची होती. म्हणजे अ‍ॅप ओढत होतं.

रात्री जेवणं आटोपल्यावर अ‍ॅप उघडलं. शेड्यूल पहिल्या पानावर नव्हतं. भाचीच्या नावावर गेल्यावर खाली 'ठरलेले व्यवहार' अशी ओळ होती, तिच्यात ते सापडलं. तिथे तीन पर्याय होते: पुढचा हप्ता वगळा, काही काळ थांबवा, कायमचं रद्द करा. मधला पर्याय नीट वाचला. त्यात पुन्हा सुरू व्हायची तारीख आधीच भरलेली होती, म्हणजे तेवढे दिवस संपले की व्यवहार कोणाला न विचारता चालू झाले असते. ज्याला खरंच थोड्या काळासाठी थांबवायचंय त्याला ही सोय चांगली आहे. खातंच बंद होत असेल तर तिकडे वळूच नये. मी कायमचं रद्द केलं. अ‍ॅपने पासवर्ड आणि फोनवर आलेला कोड मागितला, शेड्यूल रद्द झाल्याचं सांगितलं आणि दोनेक मिनिटांत ईमेलही आला.

तो ईमेल मी शेवटपर्यंत वाचला हे बरं झालं. खाली बारीक अक्षरात एक वाक्य होतं: आधीच सुरू झालेल्या व्यवहारांवर या रद्द करण्याचा परिणाम होणार नाही. मग मी व्यवहारांची यादी उघडली. वरच 3 तारखेचा हप्ता बसलेला होता आणि त्याच्यासमोर 'तुमच्या बँकेकडून पैसे येण्याची वाट पाहत आहोत' असं लिहिलं होतं. तोटी बंद केली तरी पाइपात आलेलं पाणी बाहेर पडतंच, तसं हे होतं.

असं का होतं हे समजलं की पुढचं सगळं सोपं जातं. माझ्या शेड्यूलमध्ये 3 तारीख ही पैसे पोचायची तारीख होती, निघायची नव्हती. खात्यातून डेबिट होऊन पैसे अ‍ॅपकडे पक्के जमा व्हायला काही कामाचे दिवस लागतात, म्हणून अ‍ॅप तेवढे दिवस आधी व्यवहार तयार करून बँकेकडे मागणी पाठवतं. 3 तारीख सोमवारी होती, 1 आणि 2 शनिवार-रविवारी. सोमवारपासून तीन कामाचे दिवस मागे मोजले तर शुक्रवार, गुरुवार, बुधवार. म्हणजे तो व्यवहार बुधवारी 29 लाच तयार झाला होता, भाचीचा फोन येण्याच्या कित्येक तास आधी. त्यातही अ‍ॅपचं घड्याळ आपल्या गावच्या वेळेने चालत असेलच असं नाही. माझ्या व्यवहारावर तयार झाल्याची वेळ पहाटेची होती.

तुम्हाला हे आधीच बघायचं असेल तर शेड्यूलच्या पानावर दोन तारखा शोधा. एक पोचायची आणि दुसरी खात्यातून रक्कम जायची. आपली खरी मुदत दुसऱ्या तारखेच्या आधीची. सुट्ट्या लागून आल्या असतील तर ती आणखी मागे सरकते, आणि सुट्ट्या दोन्ही देशांच्या धरायच्या.

शेड्यूल आणि त्यातून निघालेला व्यवहार या दोन गोष्टी वेगळ्या, त्यामुळे व्यवहारही वेगळा रद्द करायचा. व्यवहाराच्या पानावर 'रद्द करा' होतं, पण ते फिकट दिसत होतं आणि दाबलं जात नव्हतं. खाली कारण होतं: डेबिट प्रक्रियेत आहे. याचा अर्थ असा की मागणी बँकेकडे गेलेली आहे, पैसे अजून अ‍ॅपच्या हातात नाहीत आणि जे हातात नाही ते अ‍ॅप परतही करू शकत नाही.

इथून पुढे माणसाशी बोलणं भाग होतं. एक गोष्ट कळकळीने सांगते: अशा वेळी कस्टमर केअरचा नंबर इंटरनेटवर शोधू नका. पैसे पाठवणाऱ्या कंपन्यांच्या नावाने खोटे नंबर टाकून बसलेले ठग असतात आणि घाईत असलेला माणूस त्यांना आयताच सापडतो. ते स्क्रीन शेअर करायला लावतात, कोड विचारतात. अ‍ॅपच्या आत 'मदत' असते, तिथूनच चॅट किंवा फोन करायचा. शक्यतो त्या विशिष्ट व्यवहाराच्या पानावरून मदत उघडायची, म्हणजे व्यवहार क्रमांक आपोआप सोबत जातो.

चॅटवर आधी ठरावीक उत्तरं आली, शेड्यूल कसं रद्द करायचं तेच पुन्हा पुन्हा. गुरुवारी सकाळी माणूस मिळाला. मी तीन वाक्यांत लिहिलं: शेड्यूल काल रद्द केलंय, हा व्यवहार क्रमांक अजून चालू आहे, घेणाऱ्याचं खातं 31 ला बंद होतंय म्हणून हे पैसे पुढे जाऊ नयेत. घेणाऱ्याचं खातं बंद होतंय हे सांगितल्यावर बोलण्याचा सूर बदलला, कारण परत येणारा व्यवहार त्यांनाही डोकेदुखीच असते. त्या बाईंनी सांगितलं, "डेबिट आम्हाला मागे घेता येणार नाही, ते बँकेकडे गेलंय. पण पुढे पाठवणं मी रोखून ठेवते. पैसे आमच्याकडे जमा झाले की व्यवहार रद्द होईल आणि तुमच्याच खात्यात परत येतील."

मी विचारलं, रूपांतर कधी होतं? त्या म्हणाल्या, पैसे जमा झाल्यावर. मग मी विनंती केली की पुढे पाठवणं रोखल्याचं ईमेलने लिहून द्या. चॅटची खिडकी बंद झाली की बोलणं नाहीसं होतं आणि पुढचा माणूस पहिल्यापासून विचारतो. ईमेल अर्ध्या तासात आला, त्यात तक्रार क्रमांक होता. नंतर प्रत्येक वेळी मी फक्त तो क्रमांक दिला.

दुपारी बँकेच्या अ‍ॅपमध्ये डेबिट 'प्रलंबित' म्हणून दिसायला लागलं. ते दिसल्यावर हात शिवशिवतातच की बँकेलाच सांगून हे अडवून टाकावं. मी बँकेला फोनही केला. पलीकडच्या माणसाने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "थांबवायचा प्रयत्न करता येईल, पण तुम्ही त्यांच्याकडून परतावाही मागितलाय ना? मग दोन्ही एकदम करू नका." त्याचं म्हणणं खरं होतं. बँकेने डेबिट परत फिरवलं आणि अ‍ॅपनेही परतावा पाठवला तर मला एकच रक्कम दोनदा मिळते. कागदावर मी अ‍ॅपची देणेकरी होते, ते खातं गोठवतात आणि डेबिट नाकारल्याचं शुल्क लावू शकतात. काही अ‍ॅप तर जुन्या ग्राहकांसाठी डेबिट पक्कं व्हायच्या आधीच स्वतःच्या पैशातून पुढे रक्कम देऊन टाकतात. तिथे बँकेत डेबिट अडवलं तर पैसे पलीकडे पोचलेले असतात आणि आपल्या नावावर थकबाकी लागते. म्हणून बँकेतला अडथळा हा शेवटचा उपाय. अ‍ॅप दाद देत नसेल किंवा आपण शेड्यूल रद्द करूनही नवं डेबिट आलं असेल, तेव्हाच तो वापरावा.

वेगवेगळ्या ठिकाणचे नियम माहीत असले की बोलताना बळ येतं. अमेरिकेतून पैसे पाठवणाऱ्यांना तिथला रेमिटन्सचा नियम उपयोगी पडतो. तो ऑक्टोबर 2013 पासून लागू आहे. साध्या व्यवहारात पैसे भरल्यापासून 30 मिनिटांच्या आत रद्द करायचा हक्क असतो, फक्त तोवर ते पलीकडच्या खात्यात जमा झालेले किंवा कोणी उचललेले नसावेत. आगाऊ ठरवलेल्या व्यवहारात मात्र ठरलेल्या तारखेच्या निदान 3 कामाचे दिवस आधी कळवावं लागतं. बँकेत डेबिट अडवायलाही तिथे तीच 3 कामाच्या दिवसांची मुदत आहे, आणि तोंडी सांगितलं तर बँक 14 दिवसांत लेखी मागू शकते. युरोपात सेपा, म्हणजे तिथल्या देशांच्या युरोमधल्या बँक व्यवहारांच्या सामाईक पद्धतीचं डेबिट असेल तर ते झाल्यावर 8 आठवड्यांपर्यंत कारण न देता बँकेकडून परत मागता येतं. पण हा हक्क आपण आणि आपली बँक यांच्यातला झाला. अ‍ॅपने पैसे पुढे पोचवलेले असतील तर त्यांचा हिशेब शिल्लक राहतोच.

मी बँकेत काही अडवलं नाही. त्याऐवजी भाचीला फोन केला. "खातं बंद करायची तारीख थोडी पुढे ढकलता येते का बघ." खरं तर या सगळ्यात सर्वांत स्वस्त आणि खात्रीचा उपाय हाच होता आणि तो पलीकडच्या माणसाच्या हातात असतो. तिने तिच्या बँकेत विचारलं. अर्ज अजून पुढे गेलेला नव्हता, तारीख 10 करून मिळाली. आता अगदी काही चुकून पैसे गेलेच असते तरी ते उघड्या खात्यात पडले असते आणि तिने मला सरळ परत पाठवले असते. दोघींनाही त्या रात्री शांत झोप लागली.

शुक्रवारी 31 ला माझ्या खात्यातून रक्कम प्रत्यक्ष गेली. हे आधी सांगितलेलं असूनही ती नोंद बघून छातीत धस्स झालं. अ‍ॅपमध्ये व्यवहारासमोरचे शब्द बदलून 'पैसे मिळाले' झाले. हा टप्पा सर्वांत नाजूक, कारण एरवी याच्यानंतर काही मिनिटांत रूपांतर होऊन पैसे निघतात. मी लगेच चॅट उघडून तक्रार क्रमांक दिला आणि एवढंच विचारलं: पुढे पाठवणं रोखलेलं आहे ना? उत्तर आलं, आहे. आणि आता 'रद्द करा' हे बटण ठळक झालं होतं. त्यांनी सांगितल्यावर मीच ते दाबलं. पुढची ओळ आली: 'रद्द. परतावा सुरू'.

तुमच्याकडे असं कोणी रोखून धरलेलं नसेल तर या ओळी कशा बदलतात याकडे लक्ष ठेवा. 'पैशांची वाट पाहत आहोत', 'पैसे मिळाले', 'रूपांतर झालं', 'पाठवले' अशा साधारण चार पायऱ्या असतात, नावं अ‍ॅपप्रमाणे बदलतात. दुसऱ्या पायरीपर्यंत रद्द केलं तर सहसा पूर्ण रक्कम मिळते. रूपांतरानंतर रद्द करता आलं तरी दरातला फरक आपल्या अंगावर येऊ शकतो. 'पाठवले' दिसल्यावर रद्द करणं संपलं. मग उरते ती पलीकडच्या बँकेला केलेली परत मागणीची विनंती, आणि पैसे खात्यात जमा झालेले असतील तर खातेदाराच्या संमतीशिवाय ती सहसा मान्य होत नाही.

शनिवार-रविवार काही हललं नाही. सोमवारी 3 ला परतावा निघाल्याचा ईमेल आला आणि बुधवारी 5 ला पैसे माझ्या खात्यात जमा झाले. रक्कम पूर्ण आली, अ‍ॅपचं शुल्कही त्यात होतं, कारण रूपांतर झालंच नव्हतं. बँकेनेही काही कापलं नाही. खर्च म्हणाल तर तेवढे दिवस माझे पैसे वाटेत अडकून राहिले, एवढाच. ज्यांच्या खात्यात त्याच आठवड्यात घराचा हप्ता किंवा भाडं जायचं असतं, त्यांनी मात्र याची तजवीज करून ठेवावी, नाहीतर परतावा यायच्या आत दुसरंच काही नाकारलं जातं. पैसे कार्डावरून भरत असाल तर परताव्याला याहून जास्त दिवस धरा.

परतावा खात्यात दिसल्यावरच मी तिसऱ्या कामाला हात घातला, म्हणजे बँकेतली परवानगी काढायच्या. हा क्रम मुद्दाम पाळला. परतावा त्याच खात्यात यायचा असतो आणि जुळणी त्याच जोडणीवर होते. ती मध्येच तोडली तर कागदपत्रं आणि खात्याचा पुरावा मागत बसतात. बँकेच्या अ‍ॅपमध्ये 'मँडेट' किंवा 'ऑटो-डेबिट' अशा नावाखाली आपण कोणाकोणाला पैसे ओढायची मुभा दिली आहे त्याची यादी असते. कंपनीचं नाव तिथे अ‍ॅपच्या नावाने नसेलही, तिच्या पैसे गोळा करणाऱ्या भागीदाराच्या नावाने असू शकतं. म्हणून रद्द करण्याआधी जुन्या स्टेटमेंटवरच्या नोंदीतला संदर्भ क्रमांक ताडून बघावा. मी तो ताडला, परवानगी रद्द केली आणि मग अ‍ॅपमधूनही बँक खातं काढलं.

कार्डवाल्यांसाठी एक वेगळी सूचना. कार्ड बदलून घेतलं, जुन्याची मुदत संपली, की आपोआप जाणारे पैसे थांबतील असं बऱ्याच जणांना वाटतं. व्हिसा आणि मास्टरकार्ड दोघांकडेही अशी सेवा आहे की ज्यात बँक नव्या कार्डाचा नंबर आणि मुदत विक्रेत्यांना कळवते, म्हणजे चालू व्यवहार तुटत नाहीत. त्यामुळे नवं कार्ड हाती आलं तरी जुनं शेड्यूल त्याच्यावर चालू राहू शकतं. तसंच फोनमधून अ‍ॅप काढून टाकण्याचं. शेड्यूल कंपनीच्या सर्व्हरवर असतं, फोनमध्ये नाही. घेणाऱ्याचं नाव यादीतून काढलं की झालं, असंही धरू नका. माझ्या अ‍ॅपने चालू व्यवहार असताना भाचीचं नाव काढूच दिलं नव्हतं. काही अ‍ॅपमध्ये ते निघतं, पण शेड्यूलचं काय झालं ते वेगळं बघावं लागतं.

अजून एक काम मी त्याच आठवड्यात उरकलं. इतक्या वर्षांत पाठवलेल्या सगळ्या पैशांच्या पावत्या अ‍ॅपमधून उतरवून घेतल्या. भाचीला नव्या देशात कधी बँकेने विचारलं की तुमच्या खात्यात हे पैसे कोणाकडून यायचे, तर दाखवायला कागद हवा. अ‍ॅपमधलं आपलं खातंच बंद केलं तर हा इतिहास मिळवायला पुन्हा चॅटच्या दारात उभं राहावं लागतं. म्हणून खातं मी चालू ठेवलंय, फक्त त्याला कुठलंच बँक खातं किंवा कार्ड जोडलेलं नाही. पावत्यांसोबत शेड्यूल रद्द झाल्याचा ईमेल, व्यवहार रोखल्याचा ईमेल आणि परताव्याची पावती अशी तिन्ही एका फोल्डरमध्ये ठेवली.

पुढच्या महिन्यात मी 3 तारखेची वाट पाहिली नाही. आधीच्या हप्त्याचं डेबिट जिथून सुरू झालं होतं त्या दिवसांपासून, म्हणजे महिनाअखेरीपासूनच बँकेचं अ‍ॅप बघत राहिले. काही आलं नाही. एकदा अ‍ॅपच्या वेबसाइटवरही लॉग इन करून बघितलं, कारण फोनवरच्या अ‍ॅपमध्ये न दिसणारी जुनी शेड्यूल कधी कधी तिथे दिसतात. तिथेही यादी रिकामी होती. भाचीचं खातं 10 तारखेला बंद झालं आणि तिने शेवटचं स्टेटमेंट मला पाठवलं. शिल्लक शून्य होती आणि माझ्याकडून आलेला कुठलाही पैसा तिथे अडकलेला नव्हता.